बंधित, अबंधित आणि माझी घरपट्टी

२६ जानेवारी २०२३. झेंडावंदन झालं, लेकरं गोळ्या-बिस्किटं घेऊन पांगली आणि शाळेच्या पटांगणात लिंबाखाली सतरंज्या अंथरल्या गेल्या. नवीन सरपंचाची पहिली ग्रामसभा होती. डिसेंबरात थेट जनतेतून निवडणूक झाली, २० तारखेला निकाल लागला आणि सरपंचपदाच्या महिला राखीव जागेवर माझी चुलतसून ६१ मतांनी निवडून आली. मी नांदेडहून मुद्दाम आलो होतो असं म्हणायला बरं वाटतं. खरं तर हुरड्याला आलो होतो.

आमच्या भागात ग्रामसभा म्हणजे काय असते ते माहीत असलेल्यांना माहीत आहे. गणपूर्तीला एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातला कमी असेल तो आकडा लागतो. तो भरत नाही, मग सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच नसते. शिपाई रजिस्टर घेऊन घरोघर फिरतो. म्हशीची धार काढता काढता माणूस सही करतो, आणि वर्षाचा आराखडा 'सर्वानुमते मंजूर' होतो. मीही एकदा दिवाळीला आलो असताना अशी सही केलेली आहे. कशावर केली ते आजतागायत ठाऊक नाही.

त्या दिवशी मात्र माणसं आली. सून काय बोलती ते ऐकायला काहीजण आली, आणि ती अडखळती का ते बघायला त्याहून जास्त आली.

तिनं माइक घेतला नाही. आधी दोन पोरांना पाठवून सातवीच्या वर्गातला फळा बाहेर आणवला आणि लिंबाच्या बुंध्याला टेकवला. डोक्यावरचा पदर सावरला, माझ्याकडं आणि पुढं बसलेल्या थोरांकडं एकदा बघून घेतलं आणि खडूनं दोन उभ्या रेघा मारल्या. तीन रकाने झाले. बचत गटाचं दप्तर तिनं नऊ वर्षं लिहिलंय, त्यामुळं हात सराईत होता. पहिल्या रकान्यावर लिहिलं 'बंधित', दुसऱ्यावर 'अबंधित', तिसऱ्यावर 'आपला'.

"मी भाषण करायले नाही," ती म्हणाली. "हिशोब सांगायले. चुकला तर मधीच थांबवा."

पंधराव्या वित्त आयोगाचा पैसा कसा येतो ते तिनं ज्या क्रमानं सांगितलं, तसं कुणी मला एकतीस वर्षांच्या नोकरीत सांगितलं नव्हतं. हा पैसा दिल्लीतून निघतो. राज्यात आला की त्यातला १० टक्के जिल्हा परिषदेला, १० टक्के पंचायत समितीला आणि ८० टक्के ग्रामपंचायतीला. वाटणीत मोठं वजन लोकसंख्येला, आणि लोकसंख्या धरायची २०११ च्या जनगणनेची. "गावात आज अडीच हजाराच्या आसपास माणूस हाय," ती म्हणाली, "पण सरकारच्या कागदावर आपण १,९४० च हावोत. बाकीचे साडेपाचशे जेवतात गावात, पण त्यांच्या नावाचं ताट येत नाही."

मग आकडा. वर्षाचे अंदाजे १० लाख ८० हजार, तेही दोन हप्त्यांत, आणि हप्ता कधी येईल ते कुणी सांगू शकत नाही. त्यातले ६० टक्के बंधित, म्हणजे ६ लाख ४८ हजार. त्याचेही दोन भाग. ३ लाख २४ हजार फक्त पिण्याचं पाणी आणि पाणी साठवणं-मुरवणं यावर, ३ लाख २४ हजार फक्त स्वच्छता आणि सांडपाण्यावर. उरलेले ४० टक्के, ४ लाख ३२ हजार, अबंधित. तिथं गावाला आपली गरज ठरवता येते, पण पगार आणि कार्यालयाचा खर्च त्यातूनही करता येत नाही. आणि काम कुठलंही असो, ते आराखड्यात असल्याशिवाय त्यावर रुपया टाकता येत नाही. चालू वर्षाचा आराखडा जुन्या बॉडीनं केलेला होता. त्यात बदल करायचा तर ग्रामसभेचा ठराव आणि पुरवणी आराखडा लागतो. "म्हणून तुमाला बोलावलंय," ती म्हणाली.

इथं मागून आबांनी हात वर केला. आबा म्हणजे आमच्या गावचं चालतं-बोलतं सभागृह. त्यांना गावाच्या वेशीवर कमान पाहिजे होती. शेजारच्या गावाची कमान दोन कोसांवरून दिसते, आपल्या गावाला पाहुणा आला तर चुकून पुढं जातो, हे त्यांचं म्हणणं. मारुतीच्या देवळापुढं सभामंडप ही दुसरी मागणी.

तिनं आबांना 'नाही' म्हटलं नाही. खडू त्यांच्यापुढं धरला. "आबा, तुमीच सांगा, कोणत्या रकान्यात लिहू?"

आबा फळ्याकडं बघत राहिले. पाण्याच्या पैशातून कमान होत नाही, नालीच्या पैशातून सभामंडप होत नाही. उरला मधला रकाना. तिथं लिहायचं तर तांड्याचा रस्ता खोडावा लागत होता, आणि तांड्यावरची पंधरा-वीस माणसं आबांच्या बरोबर मागं बसली होती. "राहू दे सध्याला," आबा म्हणाले. सभामंडपासाठी आमदार निधी मागू, असं ती म्हणाली आणि पुढं गेली.

पाण्याचा विषय निघाला तेव्हा मला खाली बघावं लागलं. मी नळयोजनांची एस्टिमेटं करण्यात जन्म घालवला. गावात पाणी चार दिवसांआड येतं हे मला दरवर्षी ऐकायला मिळायचं, आणि दरवर्षी मी ठरलेलं उत्तर द्यायचो: उद्भव, म्हणजे पाण्याचा मूळ स्रोत, कमी पडतो, दुसरी विहीर घ्या. गावाचीही मागणी तीच. विहीर नाहीतर बोअर.

तिनं काय केलं होतं? पाणी सोडणाऱ्या पोराला घेऊन, निवडून आल्यावर आठ दिवसांत, ती पाझर तलावाखालच्या सार्वजनिक विहिरीवर गेली. मोटरीच्या पुढचा पाइपाचा सांधा सोडला आणि २०० लिटरचा ड्रम लावला. ५५ सेकंदात भरला. म्हणजे तासाला साधारण १३ हजार लिटर. गावातली टाकी ५० हजार लिटरची, ती पावणेचार तासांच्या थोडं पुढं भरायला पाहिजे. मग सांधा जोडला, टाकीचे गावाकडचे सगळे व्हॉल्व्ह बंद केले आणि टाकी रिकामी असताना मोटर चालू केली. भरायला साडेसहा तास लागले. म्हणजे टाकीत तासाला ७,७०० लिटर सुद्धा पडत नव्हते. तिनं फळ्याच्या कोपऱ्यात लिहिलं: '१०० मधले ४१ वाटेतच'.

माझ्यातला अभियंता इथं कुरकुरला. विहिरीच्या तोंडाशी पाणी मोकळं सुटतं, त्याला टाकीपर्यंत चढायचं नसतं, म्हणून मोटर तिथं जास्त फेकते. त्यामुळं ४१ हा आकडा फुगलेला होता. पण मी गप्प बसलो, कारण फुगवटा काढून टाकला तरी पाण्याचा तिसरा-चौथा हिस्सा कुठंतरी जात होताच, आणि हा ड्रम लावायची बुद्धी मला एकाही दिवाळीत झाली नव्हती.

कुठं जात होतं तेही त्या पोराला ठाऊक होतं, पण त्याला कुणी विचारलं नव्हतं. दोन किलोमीटरच्या वाहिनीत मधे ओढा आहे. मे महिन्यात सगळं रान करपलेलं असताना ओढ्याच्या पात्रात एका जागी लव्हाळं हिरवंगार असतं आणि कुत्री तिथं जाऊन बसतात. पावसाळ्यात पुराबरोबर गोटे वाहतात, जुना पाइप उघडा पडतो, सांधे सैल होतात. वरून वाळू असल्यामुळं पाणी फवारत नाही, गुमान खाली मुरतं.

मग तिनं खरी गोष्ट सांगितली, जी दुसऱ्या विहिरीच्या मागणीत कधी येत नाही. विहिरीवरची मोटर शेतीच्या फीडरवर. थ्री-फेज लाइट आठ तास, एक आठवडा दिवसा तर एक आठवडा रात्री. आठ तासांत, साडेसहा तासाला एक या हिशोबानं, सव्वा टाकी भरते. अडीच हजार माणसांत वाटली तर माणशी २५ लिटर. जलजीवन मिशनचं माप माणशी ५५ लिटरचं आहे. "दुसरी विहीर खांदली तरी तिचं पाणी याच पाइपातून यायचं," ती म्हणाली. "भोक असलेल्या रांजणात दोन बायांनी पाणी वतलं तर रांजण भरतो का?"

आदल्या दिवशीच्या महिला सभेत हाच विषय झाला होता, हे मला नंतर कळलं. बायकांना किती पाणी येतं यापेक्षा कधी येतं याचा जाच जास्त होता. रातच्या पाळीच्या आठवड्यात दोन वाजता नळाला पाणी येतं, आणि घरटी एक बाई जागी राहते. पुरुषांच्या सभेत हा मुद्दा मी कधी ऐकला नव्हता.

पाण्याच्या ३ लाख २४ हजारांतून ओढ्याच्या दोन्ही काठांसकट ४०० मीटर नवी एचडीपीई प्लास्टिकची वाहिनी, ओढ्याखाली काँक्रीटच्या वेष्टणात. पंचायत समितीच्या अभियंत्यानं काढलेलं एस्टिमेट २ लाख ८० हजार. उरलेल्या पैशात मोटरीजवळचा आणि टाकीजवळचा व्हॉल्व्ह. पाण्याचं काम एवढंच. कुणीतरी म्हणालं, मोटरीचं थकलेलं वीजबिलही यातूनच भरायची मुभा आहे की. आहे, ती म्हणाली, पण मुभा घेतली तर पाइप तेवढा आखूड होतो. बिल कुठून भरायचं ते तिसऱ्या रकान्यात सांगते.

स्वच्छतेच्या पैशाबद्दल ती थोडक्यात बोलली आणि तिथंच, माझ्या मते, तिची चूक झाली. सिमेंटच्या नाल्या न करता घरोघर शोषखड्डे, असं तिनं मांडलं. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीनं शोषखड्डे करून गावातली गटारं आणि डास घालवले, ते तिनं बचत गटाच्या सहलीत बघितलं होतं. कल्पना चांगलीच. चार फूट लांब-रुंद-खोल खड्डा, तळाला मोठे दगड, मधे भोकं पाडलेली सिमेंटची टाकी, भोवती गोटे आणि खडी. सांडपाणी टाकीत येतं, गाळ खाली बसतो, पाणी भोकांतून बाहेर मुरतं. पण ते मुरायला खाली मुरूम लागतो. आमची खालची आळी सगळी काळ्या मातीची. काळी माती पाणी पिते आणि फुगून तोंड मिटते. तिथं चार फुटांचा खड्डा पहिल्याच पावसाळ्यात तुडुंब. मुरूम लागेपर्यंत, सात-आठ फूट, खांदलं तरच उपयोग. हे मी त्या वेळी उठून सांगायला पाहिजे होतं. काळ्या मातीची मला चांगली ओळख आहे. सांगितलं नाही, आणि पुढं खालच्या आळीतले अकरा खड्डे दिवाळीपर्यंत डबकी झाले.

अबंधित रकाना लवकर भरला. तांड्याचा मुरूम-खडीचा रस्ता २ लाख १० हजार, अंगणवाडीची फरशी आणि छत ९० हजार, पथदिव्यांचं बिल ६० हजार. ७२ हजार तिनं तसेच ठेवले. "भाव वाढतात, एस्टिमेट फुगतं. पिशवी झाडून बाजाराला जायचं नसतं."

आता तिसरा रकाना. 'आपला'.

तिनं नमुना नऊचं रजिस्टर मागवलं. नमुना आठ म्हणजे कुणाच्या घरावर किती कर बसला त्याची नोंद, आणि नमुना नऊ म्हणजे कुणाकडून किती येणं आहे, किती आलं, किती थकलं. वर्षाची मागणी १ लाख ८६ हजार. मागच्या वर्षी वसूल झाले ५८ हजार. शंभरातले एकतीस. या ५८ हजारांतले १५ टक्के मागासवर्गीयांसाठी, १० टक्के महिला-बालकल्याणासाठी, ५ टक्के दिव्यांगांसाठी बाजूला ठेवणं बंधनकारक. ते १७,४०० झाले. उरले ४०,६००. पाणी सोडणाऱ्या पोराला महिन्याला चार हजार, वर्षाचे ४८ हजार.

"इथंच संपलं," ती म्हणाली आणि खडू खाली ठेवला. "लाइटबिल राहिलं, पाण्यात टाकायची टीसीएल पावडर राहिली, शिपायाचा आपला हिस्सा राहिला. ह्या पोराला पाच महिने पगार नाही. दिल्लीच्या पैशातून ह्याचा पगार करता येत नाही. ह्यो लिंबाखाली बसलेल्यांच्याच खिशातून निघतो."

तो पोरगा खाली मान घालून जमिनीवर काडीनं रेघोट्या ओढत होता.

तिनं नावं वाचली नाहीत. वाचावीत, असं दोघं-तिघं ओरडले, आणि ओरडणारांत एक थकबाकीदारही होता. "नावं भिंतीला लावणार न्हाई. रजिस्टर हापिसात हाय, ज्यानं त्यानं आपलं पान बघावं." एवढं म्हणताना तिची नजर माझ्यावरून गेली का, मला सांगता येत नाही. ती सून आहे, तिनं बघितलं नसेल. पण मला माझं पान माहीत होतं. आमचं माळवदाचं घर बंद आहे. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर मिळून वर्षाला ७४० रुपये. मी सहा वर्षं भरलेले नव्हते. का? काही कारण नाही. कुणी मागितले नाहीत. नळाला पाणी येत नाही तर पट्टी कशाची, असंही मी एकदा पारावर म्हणालो होतो. ते नळाचं पाणी ज्याच्या पगारातून आलं असतं तो पोरगा तेव्हा तिथंच उभा असणार.

सभेच्या शेवटी तिनं कमरेच्या बटव्यातून एक वस्तू काढली. पेनड्राइव्हसारखी, काळी, तिला लाल दोरा बांधलेला. "ह्याला डोंगल म्हणतात. माझी सही ह्यात हाय."

बऱ्याच जणांनी ती पहिल्यांदा बघितली. वित्त आयोगाचा पैसा आता चेकनं निघत नाही. ग्रामसेवक ऑनलाइन देयक तयार करून आपली डिजिटल सही लावतो, मग सरपंचाची डिजिटल सही लागते, तेव्हा पीएफएमएस या सरकारच्या ऑनलाइन प्रणालीतून पैसे थेट ठेकेदाराच्या किंवा दुकानदाराच्या खात्यात जातात. दोन किल्ल्यांची तिजोरी आहे ती. पण गावोगाव सरपंचाचं डोंगल कुठं असतं? दुसऱ्याच्या ड्रॉवरमध्ये, पासवर्डाची चिठ्ठी त्यालाच गुंडाळून. सरपंचबाई असल्या तर हमखास. दोन किल्ल्या एकाच खिशात गेल्या की तिजोरीला अर्थ राहत नाही, आणि चौकशी लागली की सही कुणाची, तर बाईची.

"हे माझ्याजवळ राहील," ती म्हणाली. "घरच्यांजवळ बी नाही." माझा पुतण्या, म्हणजे तिचा नवरा, चहाच्या किटलीजवळ उभा होता. तो हसला. थोडं उशिरा हसला, हे मी बघितलं. "अन् काम बघितल्याशिवाय, मोजमाप पुस्तकात अभियंत्यानं लिहिल्याशिवाय मी ते लावणार नाही. कुणाला बिलं बघायची असतील तर ई-ग्रामस्वराजवर गावाचं नाव टाका, मोबाइलवर दिसतात."

टक्केवारीचा शब्द तिनं उच्चारला नाही. पण मागं मोटारसायकलीला टेकून उभे असलेले दोघं ठेकेदार त्याच वेळी गाडीला किक मारून गेले.

हप्ता लांबला. पाइप पडायला मे अखेर उजाडली आणि शेवटचं काँक्रीट भरलं त्याच्या चौथ्या दिवशी वळवाचा पाऊस आला. पण वेष्टण टिकलं. टाकी आता ४ तास २० मिनिटांत भरायला लागली. मी ताबडतोब हिशोब केला: फुगवटा काढून खरी गळती ४१ नसून ३३ टक्के होती. सुनेला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "बरं नाना. पण पाणी तर तेवढंच आलं ना?" आठ तासांत पावणेदोन टाक्यांच्या वर, माणशी ३७ लिटर. ५५ नाहीच. पण चार दिवसांआडचं पाणी दोन दिवसांआड झालं. रात्री दोनची पाळी तशीच राहिली. ती फीडरची गोष्ट, ती ग्रामपंचायतीच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही.

माझे पैसे मी त्याच दिवशी भरले, सभा संपल्यावर, गर्दी ओसरल्यावर, मागच्या दारानं ऑफिसात जाऊन. सहा वर्षांचे ४,४४०, आणि मागच्या पाच वर्षांवर पाच टक्के दंड १८५. एकूण ४,६२५. ग्रामसेवकानं पावती फाडली. सून शेजारच्या टेबलावर फळ्यावरचे आकडे वहीत उतरवून घेत होती. वर न बघता म्हणाली, "नाना, सप्टेंबरच्या आत भरली की पाच टक्के सूट बी असती."

मागच्या महिन्यात गेलो होतो. टाकीच्या खांबावर पाणी सोडणारा पोरगा रोज खडूनं टाकी भरायची वेळ लिहितो, तिनंच ती सवय लावलीय. मी चष्मा लावून वाचल्या. ४.२०. ४.२५. ४.२०. ४.२५. मग चार दिवस ४.५५.

"सांगितलंय बाईला," तो मागून म्हणाला. "ओढ्याच्या अलीकडं बघायलोत. तिकडचा जुना पाइप हाय."